पात्यावरचं नाव कुणाचं? फोटोवरून जुनी सुरी ओळखताना

मागच्या महिन्यात मामेभावाने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक सुरी घेतली आणि घरी पोचायच्या आत तिचा फोटो मला पाठवला. सोबत एकच ओळ: "ताई, जर्मन आहे, युद्धाच्या आधीची. विकणारा म्हणाला." फोटोत लाकडी मूठ, मुठीत तीन गोल रिव्हेट, पात्यावर तपकिरी ठिपके आणि फ्लॅशच्या झगझगाटात कशीबशी वाचता येणारी रोमन अक्षरांतली दोन नावं होती: हेंकेल्स आणि जर्मनी. त्यांच्या बाजूला दोन माणसांसारखी दिसणारी एक छोटी आकृती.

जुन्या सुऱ्यांचा नाद असल्यामुळे असे फोटो मला बरेच येतात, आणि प्रश्न नेहमी दोनच असतात. बनवली कुणी, आणि पोलाद कुठलं? लोकांना वाटतं हे दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत. तसं नाही. फोटोवरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा मिळतं, दुसऱ्याचं अर्धंच. का, ते याच सुरीवरून सांगते.

आधी फोटो नीट हवा

पात्यावरचा जुना ठसा म्हणजे धातूत उमटवलेला खड्डा. वर्षानुवर्षं घासून आणि धार लावून तो उथळ होतो. समोरून फ्लॅश मारला की खड्डा आणि सपाट भाग सारखेच चमकतात आणि अक्षरं गायब होतात. म्हणून फ्लॅश बंद करायचा, सुरी खिडकीशी न्यायची आणि उजेड एका बाजूने, जवळजवळ पात्याला घासून जाईल असा पडू द्यायचा. मग खड्ड्याच्या एका काठावर सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. तरीही दिसलं नाही तर ठशावर खडूची पूड बोटाने चोळून वरची अलगद पुसायची. खड्ड्यात राहिलेली पूड अक्षर दाखवते. चिंच, राख, तारेची घासणी यांतलं काहीही लावायचं नाही. जे वाचायचं तेच पुसलं जातं.

दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, आणि एक मुठीच्या पाठीचा, म्हणजे सुरी ओट्यावर धार खाली करून धरली की वरून दिसतो तसा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं तर फारच छान, कारण ते २७ मिलिमीटर रुंद असतं आणि त्यावरून फोटोतलं काहीही मोजता येतं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने मात्र फोटो काढू नका. काही फोन तो आरशासारखा उलटा साठवतात. अक्षरं उलटी झाली तर लगेच कळतं, पण नुसतं चिन्ह उलटं झालं तर तुम्ही भलत्याच चिन्हाच्या मागे लागता.

मामेभावाने दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी फोटो काढला. "जर्मनी"च्या डाव्या बाजूला, गंजाच्या ठिपक्याखाली, आणखी एक शब्द होता: "वेस्ट". तेवढ्याने युद्धाच्या आधीची गोष्ट संपली. पश्चिम जर्मनी नावाचा देश १९४९ ते १९९० एवढाच काळ होता. नुसतं "जर्मनी" असतं तर सुरी १९४९च्या आधीची किंवा १९९०च्या नंतरची असू शकली असती. शिवाय मधल्या काळातही प्रत्येकाने "वेस्ट" छापलंच असं नाही. म्हणजे "वेस्ट" दिसणं हा भक्कम पुरावा आहे, न दिसणं हा नाही.

देशाचं नाव इंग्रजीत का, असंही कुणी विचारतं. निर्यातीसाठी. १८८७ साली ब्रिटनने परदेशी मालावर खोटी ओळख लावण्याविरुद्ध कायदा केला, १८८९ साली तसाच कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात आला, आणि १८९०च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून इंग्रजीत देशाचं नाव घातलेली सुरी सहसा बाहेर विकण्यासाठी बनलेली असते.

ठसा, चिन्ह, गाव: तिघांची साक्ष वेगळी

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. "चि. सौ. कां. अमुक हिला आत्याकडून सप्रेम भेट," आणि खाली तारीख. ते भांडं आत्याने बनवलं असं कुणी समजत नाही. सुरीवरचं नाव वाचताना मात्र आपण हे विसरतो. तिथलं नाव कारखान्याचं असू शकतं, आयात करणाऱ्या व्यापाऱ्याचं असू शकतं किंवा एखाद्या दुकानाचंही. म्हणून नावापेक्षा चिन्हावर जास्त भरवसा ठेवायचा, कारण चिन्ह नोंदवलेलं असतं.

आमच्या सुरीवरची दोन माणसं म्हणजे जुळे भाऊ. पेटर हेंकेल्स या कारागिराने १३ जून १७३१ रोजी जर्मनीतल्या झोलिंगन गावच्या सुरीकारांच्या संघात हे चिन्ह नोंदवलं. तारीख मिथुन राशीत येते, म्हणून जुळे. जर्मनमध्ये जुळ्यांना त्स्विलिंग म्हणतात आणि कंपनी आजही त्याच नावाने चालते. आता यातली मेख अशी की हेंकेल्स नावाच्याच सुऱ्यांवर कधी दोन आकृत्या असतात, कधी एकच. एक आकृती असलेली स्वस्त मालिका आहे आणि तिच्या सुऱ्या झोलिंगनबाहेर, इतर देशांतही बनल्या आहेत. नाव तेच, घराणं तेच, माल वेगळा. फोटोत हे चिन्ह नखाएवढं असतं, त्यामुळे मोठं करून माणसं मोजायची. एवढ्या एका मोजणीवर निम्मे प्रश्न सुटतात.

तिसरा साक्षीदार गावाचा. "झोलिंगन" हे नाव कुणीही वापरू शकत नाही. १९३८पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि १९९४च्या नियमांनुसार सुरी बनवण्याचे महत्त्वाचे टप्पे त्या भागातच पार पडायला हवेत. पात्यावर "जर्मन स्टील" असेल तर मात्र त्याचा अर्थ एवढाच की पोलाद जर्मनीचं आहे, किंवा जर्मन प्रमाणकाप्रमाणे बनलेलं आहे. सुरी कुठे घडली याबद्दल ते शब्द काहीच सांगत नाहीत, आणि बऱ्याचदा न सांगण्यासाठीच लिहिलेले असतात.

याच्या अगदी उलट गंमत फ्रान्समध्ये आहे. तिएर या गावात एकोणिसाव्या शतकात साबातिए आडनावाची दोन वेगवेगळी घराणी सुऱ्या बनवत होती. नाव इतकं गाजलं की गावातले इतर कारखानदारही ते पात्यावर घालू लागले. आज नुसतं "साबातिए" वाचून बनवणारा कळत नाही. आपल्याकडे एकाच नावाची चार दुकानं "हेच मूळ दुकान, आमची कुठेही शाखा नाही" अशी पाटी लावून बसतात, तशातला प्रकार. तिथे आडनावाच्या आजूबाजूला काय आहे ते बघावं लागतं: इंग्रजी के अक्षर, चार तारे आणि हत्ती, सिंह वगैरे. ते झिजून गेलं असेल तर सुरी तिएरची असावी एवढंच म्हणायचं आणि थांबायचं.

ठसा खरा कशावरून?

जुना ठसा पोलाद मऊ असताना मारलेला असतो. कडक करायचं काम आणि घासून पातळ करायचं काम त्यानंतरचं. त्यामुळे फोटो मोठा केल्यावर घासकामाच्या बारीक समांतर रेघा अक्षरांच्या काठापर्यंत येऊन थांबलेल्या दिसतात, खड्ड्याच्या तळाशी त्या नसतात. तळ जुनाट, काळसर असतो. ॲसिडने किंवा लेझरने काढलेलं अक्षर वेगळं दिसतं: उथळ, एकसारखं राखाडी, रेघांच्या वरून गेलेलं. ते खोटं असतं असं नाही. आजचे नामांकित कारखाने लेझरच वापरतात. पण लाकडी मुठीची, डागाळलेली, साठ वर्षांची म्हणून विकली जाणारी सुरी असेल आणि तिच्या डागांवरून लेझरचं कोरं करकरीत नाव गेलेलं असेल, तर डाग आधीचे आणि नाव नंतरचं हे उघड आहे.

रिव्हेट काय सांगतात

सुरीचं पातं मुठीपाशी संपत नाही. त्याचीच एक पट्टी मुठीच्या आत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या लावून आरपार खिळे ठोकतात. हे खिळे म्हणजे रिव्हेट. बाजारात कारागीर रिबीट म्हणतात.

रिव्हेटवरून कारखाना ओळखता येतो असं बरेच जण मानतात. माझ्या अनुभवात तो फार कमी वेळा येतो, कारण तीन रिव्हेटची मूठ सगळ्यांचीच असते. रिव्हेट दुसरं काही सांगतात: मूठ मूळची आहे का.

जुन्या पद्धतीत पितळेची सळई भोकातून घालून दोन्ही टोकं हातोडीने ठोकून पसरवत आणि लाकडासकट घासून सपाट करत. असा रिव्हेट फोटोत लहान दिसतो, काठ किंचित वेडावाकडा. नंतर दोन भागांचा रिव्हेट आला. एका भागाला भरीव खिळा, दुसऱ्याला पोकळ नळी, दोन्ही बाजूंनी दाबले की एकमेकांत घट्ट बसतात. शर्टाच्या टिचबटणासारखं, फक्त पुन्हा न उघडणारं. त्याचं डोकं मोठं आणि अगदी गोल असतं. रंगावरून धातूचा अंदाज येतो: पिवळा आणि काठाशी हिरवट तर पितळ, मळकट राखाडी तर ॲल्युमिनियम, स्वच्छ पांढरट तर बहुधा स्टेनलेस किंवा निकेल मिसळलेलं पितळ.

आता मामेभावाची सुरी. तीनपैकी दोन रिव्हेट पितळेचे, मधला राखाडी. नाण्याशी ताडून पाहिलं. फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा बनतो, ते मोजले तर नाणं १०८ ठिपके रुंद होतं, म्हणजे एका मिलिमीटरला ४ ठिपके. पितळेचे रिव्हेट २४ ठिपके, म्हणजे ६ मिलिमीटर. मधला २० ठिपके, म्हणजे ५. शिवाय तिघांमधली अंतरं सारखी नव्हती. कारखान्यात भोकं एकाच साच्यावर पडतात, त्यामुळे एकाच मुठीत दोन धातू आणि दोन मापं सहसा येत नाहीत. कुणीतरी मूठ दुरुस्त केली होती. मुठीच्या पाठीचा फोटो पाहिला तर एका बाजूची फळी दुसरीपेक्षा जाड होती आणि तिचं लाकूड सागवानासारखं दिसत होतं. म्हणजे ही मूठ बहुतेक आपल्याकडच्याच एखाद्या सुताराच्या हातची. अशा मुठीवरून सुरीचं वय सांगणं म्हणजे नवीन कव्हर घातलेल्या पुस्तकाचं वय कव्हरवरून सांगणं. मूठ बाद, साक्ष फक्त पात्याची.

मुठीच्या पाठीचा फोटो आणखी एका कामाचा आहे. स्वस्त सुऱ्यांत प्लॅस्टिकच्या मुठीवर रिव्हेटच्या नुसत्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. वरून बघितलं की दोन फळ्यांच्या मध्ये धातूची पट्टीच नसते. पण पट्टी नाही म्हणून सुरी हलकी, असा उलटा निष्कर्ष काढू नका. याच त्स्विलिंगची १९७६पासून चालत आलेली एक मालिका आहे, तिची मूठ सलग प्लॅस्टिकची आणि तिला एकही रिव्हेट नाही.

मग पोलाद?

सुरीच्या पोलादाचे स्वयंपाकघरापुरते दोन वर्ग करा. साधं कार्बन पोलाद, म्हणजे आपल्या विळीच्या पात्यासारखं, कांदा कापला की काळं पडणारं आणि ओलं ठेवलं की गंजणारं. दुसरं स्टेनलेस, ज्यात क्रोमियम भरपूर असतं आणि त्याचा अदृश्य पापुद्रा पात्याला गंजापासून वाचवतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली असं पोलाद बनवलं आणि सुऱ्यांसाठी ते पुढे आणलं, त्यामुळे स्टेनलेस पातं त्याआधीचं नसतंच.

हा वर्ग कधी पात्यावरच लिहिलेला असतो. जर्मन सुरीवर "रोस्टफ्राय" म्हणजे गंजमुक्त, फ्रेंच किंवा इटालियन सुरीवर "इनॉक्स". लिहिलेलं नसेल तर रंग पाहा. कार्बन पोलादावर निळसर, राखाडी, काळपट अशी ढगाळ छटा सगळ्या पात्यावर पसरते. स्टेनलेस पातं म्हातारपणीही पांढरंच राहतं, त्यावर ओरखडे येतात आणि कधी एकेकटे ठिपके.

विकणाऱ्याचा मुद्दा हाच होता, की ठिपके आहेत म्हणजे गंजते, गंजते म्हणजे जुनं कार्बन पोलाद. पण सुऱ्यांचं स्टेनलेस भांड्यांच्या स्टीलपेक्षा वेगळं. धार टिकावी म्हणून त्यात कार्बन जास्त ठेवावा लागतो, आणि मीठ किंवा आंबट पदार्थ लागून ते ओलं राहिलं तर त्यालाही टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात. मामेभावाच्या फोटोत ठिपके होते, पण ठिपक्यांच्या मधली जागा लख्ख होती. कार्बन पात्याची ढगाळ छटा कुठेच नव्हती. आणि दुसऱ्या बाजूच्या फोटोत एक शब्द सापडला: "फ्रिओडुर". कंपनीने १९३९ साली आणलेल्या प्रक्रियेचं हे नाव. तापवून विझवलेलं स्टेनलेस पातं शून्याच्या बरंच खाली थंड करायचं, म्हणजे पोलादातला मऊ राहिलेला भागही कडक होतो. म्हणजे सुरी स्टेनलेस, हे पक्कं.

पण पोलादाची नेमकी जात? इथे हात टेकायचे. फ्रिओडुर हे प्रक्रियेचं नाव आहे, मिश्रणाचं नाही. "बिडाच्या तव्यावर भाजलेली" एवढं ऐकून भाकरी ज्वारीची की बाजरीची हे जसं कळत नाही, तसंच.

जात लिहिलेली असली तर ती वाचायची कशी

काही कारखाने ती सरळ पात्यावर छापतात. झोलिंगनचीच व्यूस्टहोफ ही त्रिशूळाच्या चिन्हाची कंपनी, चिन्ह १८९५चं. तिच्या आजच्या बऱ्याच सुऱ्यांवर `X50CrMoV15` असं दिसतं. भीतीदायक वाटतं, पण ती पाककृतीतली सामग्रीची यादी आहे. सुरुवातीचा एक्स म्हणजे मिश्र धातू भरपूर. ५०ला शंभराने भागायचं: कार्बन सुमारे ०.५० टक्के. मग क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांची चिन्हं. शेवटचे १५ यादीतल्या पहिल्या धातूचे, म्हणजे क्रोमियम सुमारे १५ टक्के. हेच पोलाद १.४११६ या क्रमांकानेही लिहितात. शेजारी "एचआरसी" आणि ५६ किंवा ५८ असा आकडा असेल तर तो कडकपणाचा, मिश्रणाचा नाही. एकच पोलाद कमीजास्त कडक करता येतं.

ही यादी वाचता आली की खरेदीत एक चूक टळते. हे पोलाद कुणा एका कंपनीचं नाही. चीनमध्ये बनणाऱ्या कितीतरी सुऱ्यांवरही हीच अक्षरं असतात आणि ती खरीही असू शकतात. पोलादावरून कारखाना ठरत नाही आणि कारखान्यावरून पोलाद ठरत नाही, कारण एकच कारखाना काळाप्रमाणे आणि मालिकेप्रमाणे पोलाद बदलतो.

"पण चुंबक लावून बघितलं की कळतं ना?"

हा प्रश्न हमखास येतो, कारण भांडी घेताना आपण तेच करतो. डब्याला चुंबक चिकटला नाही की स्टील चांगलं. पण भांड्यांचं ते स्टील निकेल घातलेलं असतं आणि त्याला धार धरता येत नाही. सुरीचं स्टेनलेस कडक करण्याजोगं असावं लागतं आणि त्या रचनेला चुंबक चिकटतोच. कार्बन पोलादालाही चिकटतो. म्हणजे चुंबक इथे काहीच सांगत नाही.

सुरी हातात असेल तर लिंबू बरं. पातं स्वच्छ करून मुठीजवळ एक थेंब ठेवा आणि काही मिनिटांनी पुसा. कार्बन पोलादावर राखाडी डाग उरतो, स्टेनलेसवर नाही. धारवाल्याकडे जाणारच असाल तर ठिणग्यांकडे लक्ष ठेवा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात, स्टेनलेसच्या आखूड असतात आणि फारशा फुटत नाहीत. पण यातूनही वर्गच कळतो. नेमकं मिश्रण हवं असेल तर प्रयोगशाळेत पृथक्करण, आणि जुन्या बाजारातल्या सुरीसाठी ते कोण करणार?

तर मामेभावाला मी लिहिलं ते असं: दोन जुळ्यांचं चिन्ह, झोलिंगनची, १९४९ ते १९९० यांमधली, स्टेनलेस, जात सांगता येत नाही, मूठ नंतर दुरुस्त केलेली. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे युद्धाच्या आधीची नाहीच?" नाहीच.

मामीला मात्र सुरी आवडली. तिने ती भांड्यांच्या दुकानात नेली, नाव घालून घ्यायला. दुकानदाराने मशीनची सुई टेकवली, दोनदा घरंगळली, तिसऱ्यांदा एक पुसट टिंब उमटलं. "वहिनी, हे फार कडक आहे," म्हणून त्याने परत दिली. ठसा आधी आणि कडक करणं नंतर का, हे मी मामेभावाला तीन मेसेजमध्ये समजावलं होतं. त्याला ते त्या टिंबाने समजलं.